कथा: झाकणाच्या आतला कागद (मसुदा, चुका सांगा)

कडेकडेने

बऱ्याच दिवसांनी एक छोटी कथा लिहिली आहे. कार्कासोन हा टाइल जोडून शहरं, रस्ते आणि शेतं मांडायचा खेळ मी जेमतेम पाच-सहा वेळा खेळले आहे, त्यामुळे खेळातल्या चुका नक्की असणार. मुरलेल्या खेळाडूंनी पिसं काढली तरी चालतील. शेवट पटतो का, तेही सांगा.

---

दार शैलाने उघडलं. वसुधाच्या हातातली पिशवी बघून ती म्हणाली, "अगं, पेटी कशाला आणलीस? आमच्याकडे आहे."

टेबलावर पेटी होतीच. झाकणावरचं चित्र निराळं, रंग जास्त भडक. वसुधाने आपली पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवली. चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत दर गुरुवारी हीच पेटी या टेबलावर यायची. अरुण गेल्यावर ती वसुधाच्या कपाटात राहिली आणि मंडळाकडे खेळच उरला नाही. मग त्यांनी नवा आणला. यात कुणाचं काय चुकलं? काहीच नाही, हे तिला कळत होतं.

"वहिनी, एकदोन गोष्टी बदलल्यात," माधव म्हणाला आणि त्याने झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता. शैलाचं अक्षर.

1. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये.
2. दोन टाइलचं शहरही पूर्ण धरायचं.
3. आपली खेळी झाली की पुढची टाइल लगेच उचलून ठेवायची.
4. शेताचे गुण पुस्तिकेप्रमाणे.

वसुधाने कागद वाचला. पहिल्या ओळीवर ती जरा जास्त वेळ थांबली. कुणीतरी खाकरलं.

अरुणला गप्प बसून खेळता येत नसे. कुणीही टाइल उचलली की तो टेबलावर ओणवायचा. "इथे लाव, इथे. रस्ता तुटतो बघ त्याचा." स्वतःचं नुकसान होत असलं तरी सांगायचा. समोरच्याला उत्तम खेळी दाखवण्यातच त्याची खरी मजा होती. निरंजन एकदा टाइल टाकून उठून गेला होता. घरी परतताना अरुण म्हणाला होता, "त्याचं आज काहीतरी बिनसलेलं दिसतं."

डाव सुरू झाला. सगळे भराभर खेळत होते. प्रत्येकाच्या हातात पुढची टाइल आधीच असायची, पालथी. वसुधाला मात्र दर वेळी उचलायची विसर पडायची आणि शैला हलकेच गठ्ठा तिच्याकडे सरकवायची. खोलीत फक्त टाइल ठेवल्याचा आवाज येत होता.

तिने उत्तरेकडच्या शेतात एक निळी सोंगटी शेतकरी म्हणून आडवी घातली, पुढे आणखी एक टाइल जोडून दुसरीही त्याच शेतात आणली. एक मठ तिने टेबलाच्या कडेला बांधला आणि त्याचे 9 गुण घेतले. हिशेब तिला बरोबर येत होता, नेहमीच यायचा. अरुण सगळ्यांना खेळी सांगे, पण गुण मोजायचे ते वसुधानेच.

टाइल संपल्या तेव्हा ती 61 वर होती आणि शैला 60 वर. शेतं मोजायची राहिली होती.

वसुधाच्या शेताला तीन पूर्ण शहरं लागून होती. रस्त्याच्या पलीकडचं शेत शैलाचं. त्यात तिची एकच सोंगटी, पण त्या शेताला चार शहरं लागून होती. त्यातली दोन शहरं दोघींच्या शेतांच्या मधोमध होती.

"तीन त्रिक नऊ, वहिनी. शैला, तुझे चार त्रिक बारा," माधव म्हणाला. "70 आणि 72. शैला जिंकली!"

वसुधाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या डोक्यात जुना हिशेब आपोआप चालू झाला होता. शहर घ्यायचं, त्याभोवती कुणाचे शेतकरी जास्त ते बघायचं, त्याला 4 द्यायचे. मधली दोन्ही शहरं तिची, कारण तिचे शेतकरी दोन आणि शैलाचा एक. तिसरं तर तिचंच. म्हणजे 12. शैलाला उरलेल्या दोन शहरांचे 8. एकूण 73 आणि 68.

"छान खेळलीस," ती शैलाला म्हणाली.

दुसऱ्या डावात तिला टाइल उचलायची आठवण राहिली. पण तिने ती पालथी ठेवली नाही. तळहातावर उताणी धरून सगळ्यांच्या समोर केली. एका बाजूला शहर, दोन बाजूंना वाकडा रस्ता.

"विचारतेय," ती म्हणाली. "कुठे लावू?"

कुणीच बोललं नाही. मग निरंजन टेबलावर ओणवला.

---

तिरपी_रेघ

आवडली. "कुणीतरी खाकरलं" हे सगळ्यात चांगलं वाक्य. शेवटही चांगला आहे, कारण ओणवणारा निरंजन आहे. हे मुद्दाम केलंय ना?

कडेकडेने

हो, मुद्दाम. आधी शैला होती.

फावला_वेळ

कथा छान, पण तुमचा मूळ हिशेबच गंडलाय. शेतकऱ्याला प्रत्येक शहरामागे 3 गुण मिळतात, पहिल्यापासून. 4 मिळतात ते डुक्कर असेल तर. व्यापारी आणि बांधकामवाल्यांच्या जोडखेळात ती डुकराची सोंगटी येते. बहुधा तुमच्या पात्रांच्या जुन्या पेटीत तो जोडखेळ मिसळला असणार. म्हणजे 4 गुण हा त्यांचा घरगुती नियम झाला, नवा नियम खरा आणि वसुधाबाई चुकतायत. कथेत ते आलं तर आणखी मजा येईल.

सातवी_सोंगटी

फावला वेळ, डुकराचं तुमचं अर्धं बरोबर आहे. आजच्या नियमांत डुक्कर असलं की त्या शेतकऱ्याला शहरामागे 3 ऐवजी 4 मिळतात. पण 2000 साली खेळ आला तेव्हा डुकराशिवायच 4 होते आणि पुढे 2003 च्या त्या जोडखेळात डुकराने ते 5 केले. त्यामुळे वसुधाचे 4 घरगुती नाहीत, पुस्तिकेतलेच आहेत. फक्त पुस्तिका जुनी.

आणि फरक निव्वळ 3 की 4 एवढाच नाही. लेखिकेने ते बरोबर पकडलंय, पण ओझरतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जुन्या पद्धतीत मोजणी शहरापासून सुरू व्हायची. एक शहर घ्या, त्याला लागून असलेली सगळी शेतं बघा आणि त्या सगळ्या शेतांतले शेतकरी एकत्र मोजा. ज्याचे जास्त त्याला 4, बरोबरी असेल तर दोघांनाही 4. एका शहराची मोजणी एकदाच. नव्या पद्धतीत मोजणी शेतापासून सुरू होते. शेतात ज्याचं बहुमत, त्याला त्या शेताला लागलेल्या प्रत्येक पूर्ण शहराचे 3. पलीकडच्या शेतात कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे एकच शहर दोन शेतांना गुण देऊन जातं.

खेळाचा पोतच यामुळे बदलतो. जुन्यात एका शेतात दोन शेतकरी घुसवण्याला किंमत होती, कारण ते रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्यालाही मारायचे. नव्यात तुमच्या शेतात दुसरं कुणी नसेल तर दुसरा शेतकरी वाया जातो. वसुधा पहिल्या डावात नेमकं हेच करते. ती जुन्या नियमाने खेळली आणि नव्या नियमाने मोजली गेली. तिची एक सोंगटी अख्खा डाव फुकट झोपून राहिली.

आता चूक. झाकणातला दुसरा नियम. जुन्या पुस्तिकेत दोन टाइलच्या छोट्या शहराला टाइलमागे एकच गुण होता, म्हणजे एकूण 2. नंतर तो अपवाद काढून टाकला आणि इतर शहरांसारखे 4 मिळायला लागले. शैलाने असं शहर पूर्ण केलं असेल तर तिच्या 60 मध्ये ते 4 धरलेले आहेत. जुना हिशेब करायचा तर तिथे 2 कमी व्हायला हवेत. नियम कागदावर आणलाय म्हणजे डावात कुणीतरी ते शहर बांधायला हवं. शैलानेच बांधलं असेल तर जुना निकाल 73 आणि 66. मंडळाचे गुण मोजणारी बाई हे विसरणार नाही.

कडेकडेने

अरे देवा. हो, शैलानेच बांधलंय, आधीच्या खर्ड्यात तसं वाक्य होतं, ते कापताना गेलं. 66 करते. "पोत बदलतो" हे मला खेळूनही कळलं नव्हतं. दुसऱ्या शेतकऱ्याची खेळी मी केवळ तिचं कौशल्य दिसावं म्हणून घातली होती.

फावला_वेळ

मान्य. मी खेळायला लागलो तोवर 3 च होते.

माळ्यावरची_पेटी

कडेकडेने, तुमच्या काकूंना म्हणावं, स्पष्ट बोला. जुनी पेटी घेऊन गेल्याच होत्या तर ती उघडायला लावायची. आणि विचारल्याशिवाय सल्ला नाही, हे माणूस गेल्यावर कागदावर लिहून चिकटवायचं म्हणजे कमाल आहे! अशा मंडळात काकूंनी परत जाऊ नये. दुसरं मंडळ बघा त्यांच्यासाठी.

तिरपी_रेघ

माळ्यावरची पेटी, काकू कथेतल्या आहेत हो.

माळ्यावरची_पेटी

असं होय. वरचं "मसुदा" वाचलंच नाही. पण माझं मत तेच आहे.

ओली_शाई

खेळ वेगळा, पण गोष्ट माझी आहे, म्हणून लिहिते. आमचं स्क्रॅबलचं चौघांचं मंडळ होतं. हे गेल्यावर मी दीड वर्ष गेले नाही. परत गेले तर एकच नियम बदलला होता. पूर्वी कुणाच्या शब्दावर आक्षेप घेतला आणि शब्द कोशात निघाला, तर आक्षेप घेणाऱ्याची खेळी जायची. आता आक्षेप फुकट केला होता. चुकला तरी काही नाही.

वाचायला क्षुल्लक वाटेल. पण मी थोडी थाप मारून खेळणारी आहे. अर्धवट आठवणारा शब्द पूर्ण आत्मविश्वासाने मांडायचा आणि समोरच्याने खेळी जाईल म्हणून गप्प बसायचं, यावरच माझा खेळ चालायचा. आक्षेप फुकट झाल्यावर माझ्या प्रत्येक शब्दावर कोश उघडायला लागले. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, ह्यांना आता माझा भरवसा राहिला नाही. खरं कारण असं की मधल्या काळात आलेली एक नवी मुलगी चुकीच्या आक्षेपाने दोनदा खेळी गमावून रडकुंडीला आली होती, म्हणून नियम सैल केला. माझा त्यात कुठे संबंधच नव्हता. हे मला चार महिन्यांनी कळलं.

तुमची वसुधा पहिली ओळ वाचून थांबते ना, तिथे मी थांबले.

कडेकडेने

ओली शाई, याला काय उत्तर द्यावं कळत नाही. वाचलं. दोनदा वाचलं.

सातवी_सोंगटी

ओली शाईंच्या प्रतिसादावरून एक सुचलं. पहिला नियम अरुणविरुद्ध लिहिला, असं कथा मानून चालते. पण तो तसा असायलाच हवा का? जुन्या पुस्तिकेत टाइल उचलली की ती सगळ्यांना दाखवायची आणि बाकीच्यांनी कुठे लावावी ते सुचवायचं, असं चक्क लिहिलेलं होतं. म्हणजे अरुण नियमानेच वागत होता, जरा अतिच, एवढंच. आता तिसरा नियम बघा. खेळी झाली की पुढची टाइल आधीच उचलायची. हा नियम खूप मंडळांत असतो, त्याने डाव बराच लवकर संपतो. पण एकदा टाइल हातात पालथी ठेवायला लागलात की सल्ल्याला जागाच उरत नाही. कुणाला दिसलेलीच नाही ती. आणि आपली पुढची टाइल माहीत असली की माणूस आत्ताची खेळी तिच्या हिशेबाने लावतो, मग ती दुसऱ्याला कळूही द्यायची नसते. मंडळाला वेळ वाचवायचा होता, गप्पपणा त्याच्या मागून आला, असंही झालं असेल.

कडेकडेने

मला ते मुद्दाम अरुणविरुद्धच हवं होतं. माणूस गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मोकळा श्वास घेतं आणि त्याची त्याला लाजही वाटते, तसं काहीतरी. म्हणून तो क्रमांक 1 आहे आणि टाइल आधी उचलायचा नियम क्रमांक 3.

सातवी_सोंगटी

मग क्रमांक बरोबर आहेत. मी लक्ष दिलं नव्हतं.

तिरपी_रेघ

मला उलट वाटतं, हे वाचकाला ठरवू द्या. वसुधाला तो नियम नवऱ्यावरचा वाटतो, एवढं पुरे. खरं काय ते कथेने सांगायची गरज नाही. निरंजन उठून गेल्याचा प्रसंग त्यामुळे मला जरा जास्त वाटतो. तो काढला तर शेवटी निरंजन ओणवतो त्याचं वजन जाईल, हेही कळतंय. म्हणजे माझ्याकडे उपाय नाही, तक्रार आहे.

आणखी एक. शेतात आडवी घातलेली सोंगटी खेळ संपेपर्यंत हातात परत येत नाही, हे तुम्ही कथेत कुठेही वापरलं नाहीत. त्याबद्दल आभार. ते इतकं हाताशी होतं की दुसऱ्या कुणी शेवटची ओळ तीच केली असती.

कडेकडेने

पहिल्या खर्ड्यात तीच होती :)

फावला_वेळ

एक शंका. ती 73-66 चा हिशेब मनात करते आणि गप्प बसते. ते मोठेपणा म्हणून की तिला पर्वा नाही म्हणून? मला ती जरा जास्तच समजूतदार वाटली. मी असतो तर निदान म्हटलं असतं की बघा, जुन्या नियमाने मी जिंकले असते.

ओली_शाई

म्हटलं असतं तर पुढच्या गुरुवारी सगळे तिच्याशी सांभाळून खेळले असते. त्याच्यापेक्षा हरणं परवडलं.

फावला_वेळ

हे खरं. पण तरी मी म्हटलं असतं.

माळ्यावरची_पेटी

मीही.

कडेकडेने

बदललेला भाग खाली देते. शैलाच्या छोट्या शहराचं वाक्य परत आणलंय, आणि वाया गेलेल्या शेतकऱ्याचं नवं घातलंय.

"...शैलाला उरलेल्या दोन शहरांचे 8. आणि तिच्या त्या दोन टाइलच्या टिचभर शहराचे 4 नाहीत, 2. एकूण 73 आणि 66. वसुधाने आडवी पडलेली दुसरी निळी सोंगटी उचलली. या मोजणीत ती नसती तरी चाललं असतं. तिने ती सगळ्यांबरोबर पेटीत ठेवली."

तिरपी_रेघ

"टिचभर" झकास. "नसती तरी चाललं असतं" इथे मात्र तुम्ही परत मोहात पडलात.

कडेकडेने

पडले. बघते काय करता येतं.

सातवी_सोंगटी

हिशेब आता चोख. एक शेवटची खुसपट. मठ "टेबलाच्या कडेला" बांधला आणि 9 गुण घेतले, असं आहे. मठाची स्वतःची एक टाइल आणि भोवतीच्या आठ भरल्या तरच 9 होतात. मठ कडेला असेल तर त्या बाजूच्या तीन टाइल ठेवणार कुठे?

कडेकडेने

हा विचारच केला नव्हता. टेबल संपलं की काय करतात?

सातवी_सोंगटी

नियमात टेबलाची कड नसते. सगळी मांडणी सरकवतात. पन्नासेक टाइल आणि त्यांवर उभ्या-आडव्या सोंगट्या, एकट्याने केलं तर मधे फट पडते आणि शेतकरी लोळतात. दोघांनी समोरासमोरच्या बाजूंना तळवे लावायचे, एकाने ढकलायचं, दुसऱ्याने सावकाश मागे घ्यायचं. आमच्या मंडळात हे काम ठरलेल्या दोघांकडेच असतं, तिसऱ्याला जमत नाही.

कडेकडेने

पूर्वी ते वसुधा आणि अरुण करत असणार.

थांबा, पहिला डाव परत लिहिते.